चॅटमधला गलका

ट्विचवर एखाद्या मोठ्या व्हिडिओ-गेम स्पर्धेचं थेट प्रक्षेपण चालू असतं तेव्हा पडद्याच्या उजव्या बाजूला चॅटचा उभा पट्टा असतो. त्यात एका वेळी साधारण वीस-पंचवीस ओळी दिसतात. सेकंदाला पाच संदेश येत असतील, तर प्रत्येक ओळ चार-पाच सेकंदांत वर सरकून नाहीशी होते. खेळात रंगतदार क्षण आला की हा वेग कित्येक पटींनी वाढतो आणि कुणाचंही वाक्य वाचून त्याला उत्तर देणं अशक्य होतं. तेव्हा लोक बोलायचं सोडून देतात आणि एकच चित्र पुन्हा पुन्हा टाकू लागतात. पट्टाभर तोच चेहरा, खालून वर वाहत जाणारा. यालाच इमोटचा स्पॅम म्हणतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ कचरा वाटतो, पण त्याला संभाषणाचं माप लावणंच चुकीचं आहे. क्रिकेटच्या मैदानात षटकार बसल्यावर चाळीस हजार माणसं एकमेकांशी बोलत नसतात, एकदम ओरडतात. चॅटचंही तसंच आहे. तिथे एकेक संदेश वाचायचा नसतो, एकूण रंग पाहायचा असतो. गणेशोत्सवात यूट्यूबवरून थेट दर्शन चालू असताना चॅटमध्ये हात जोडलेल्या इमोजींची आणि ‘मोरया’ची रीघ लागते. तिथेही कुणी कुणाला माहिती देत नसतो. आपण हजर आहोत एवढंच प्रत्येकाला कळवायचं असतं.

इमोजी आणि इमोट यांत मात्र फरक आहे. इमोजी सगळ्या फोनवर सारखीच चालणारी, युनिकोडमधली अक्षरं आहेत. इमोट हे त्या त्या व्यासपीठाचं स्वतःचं चित्र असतं आणि त्याचा अर्थ तिथल्या गर्दीनेच ठरवलेला असतो. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण Kappa हे. ट्विचचा जन्म ज्या जस्टिन डॉट टीव्हीतून झाला, तिथल्या जॉश डिसीनो या कर्मचाऱ्याने चॅटचं काम करताना स्वतःचाच एक कृष्णधवल फोटो त्यात टाकला आणि त्याला जपानी लोककथांतल्या जलप्राण्याचं नाव दिलं. ओठांच्या कोपऱ्यातलं त्याचं ते मिश्कील हसू पाहून लोक उपरोधिक वाक्यापुढे हे चित्र लावू लागले. ‘काय खेळतोयस, वा! Kappa’ याचा अर्थ ‘वा’ अजिबात नव्हे. ResidentSleeper मध्ये लांबलचक मॅरेथॉन खेळता खेळता कॅमेऱ्यासमोरच झोपी गेलेला स्ट्रीमर आहे. खेळ रेंगाळला की चॅटमध्ये त्याचा पूर येतो आणि समालोचकांना जांभई ऐकू आल्यासारखं होतं. LUL म्हणजे हसू. PogChamp म्हणजे आश्चर्याने वासलेला ‘आ’.

ही चित्रं खऱ्या माणसांची असल्याने अडचणीही खऱ्याच येतात. PogChamp मधल्या माणसाने जानेवारी २०२१ मध्ये, अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्याच्या वेळी, हिंसेला चिथावणी देणारा मजकूर लिहिला, म्हणून ट्विचने तो चेहरा काढून टाकला. काही दिवस तिथे दररोज नवा चेहरा येत राहिला आणि शेवटी प्रेक्षकांच्या मताने एका घोरपडीची वर्णी लागली. चेहरा गेला, पण ‘आ’ वासण्याची गरज तशीच राहिली.

पूर आला म्हणजे मॉडरेटरने तो अडवलाच पाहिजे असं नाही. अनुभवी मॉड विजयाच्या क्षणी हात बांधून बसतो. अर्ध्या मिनिटात लाट आपोआप ओसरते. ती ओसरत नसेल, पाच-दहा खातीच सतत तेच टाकत असतील, किंवा चित्र कुणा व्यक्तीला उद्देशून टाकलं जात असेल, तेव्हाच त्याचं काम सुरू होतं.

त्याची हत्यारं समजण्यासाठी इमोट आतून कसा असतो ते पाहायला हवं. तो मुळात साधा शब्द असतो. प्रेक्षक Kappa ही अक्षरं टाइप करतो (K मोठाच हवा, kappa लिहिलं तर शब्दच राहतो). संदेश पाठवताना सर्व्हर सोबत एक नोंद जोडतो. ‘Kappa Kappa Kappa’ या संदेशासाठी ती अशी असते:

```
emotes=25:0-4,6-10,12-16
```

२५ हा Kappa चा क्रमांक, आणि पुढचे आकडे म्हणजे तो शब्द कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत आहे. ब्राउझर तेवढा भाग चित्राने बदलतो. त्यामुळे एका संदेशात किती इमोट आहेत हे बॉटला सहज मोजता येतं आणि ठरवलेली मर्यादा ओलांडणारा संदेश तो खोडू शकतो. पण बीटीटीव्ही, सेव्हन टीव्ही अशा बाहेरच्या एक्स्टेन्शनचे इमोट या नोंदीत येतच नाहीत. ट्विचच्या दृष्टीने ते नुसते शब्द. बॉटला त्यांची यादी वेगळी पुरवावी लागते. ती जुनी झाली की पूर त्याच्या नाकाखालून वाहून जातो.

पुराचा वेग कमी करायला `/slow 10` ही आज्ञा आहे. ती दिल्यावर प्रत्येकाला दोन संदेशांत दहा सेकंद थांबावं लागतं. एकट्याच गोंधळ घालणाऱ्याला `/timeout` लावतात. आकडा दिला नाही तर तो दहा मिनिटं गप्प होतो. पण पुष्कळ मॉड एकच सेकंद देतात. त्याने माणूस अडकत नाही, मात्र त्याचे आधीचे संदेश पुसले जातात आणि त्याला बोध होतो. सर्वांत गमतीची आज्ञा `/emoteonly`. ती शब्दच बंद करते, फक्त इमोट चालू ठेवते. कथेचा शेवट फोडणाऱ्यांची किंवा शिवीगाळीची लाट आली की ती वापरतात. म्हणजे एरवी ज्या पुराची तक्रार असते, तोच इथे बांध म्हणून उपयोगी पडतो.

या बांधाला भगदाड कुठे पडतं ते मे २०१६ मध्ये दिसलं. ऑस्टिनच्या ड्रीमहॅक मेळाव्यात हार्थस्टोन या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा होती. टेरेन्स मिलर हा कृष्णवर्णीय खेळाडू अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तो पडद्यावर आला की चॅटमध्ये वर्णद्वेषी मजकुराचा लोट येई आणि त्यातच TriHard हा इमोट मोठ्या प्रमाणात असे. TriHard म्हणजे वेगाने गेम संपवणाऱ्या एका लोकप्रिय कृष्णवर्णीय स्ट्रीमरचा हसरा, उत्साही चेहरा. त्या चित्रात अपमानास्पद काही नाही. एरवी ते आनंदाने वापरलं जातं. पण कृष्णवर्णीय माणूस दिसताक्षणी हजारो लोकांनी तेच टाकणं, म्हणजे त्या माणसाच्या कातडीकडे बोट दाखवणं. मॉडरेटरांची संख्या त्या लोटापुढे तोकडी पडली. शिव्यांचे शब्द बॉट पकडू शकत होता, पण हसऱ्या चेहऱ्यात पकडण्यासारखा शब्द कुठला? `/emoteonly` लावली असती तरी हा चेहरा तिच्यातून बिनदिक्कत गेला असता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्विचने ऑटोमॉड आणला. संशयास्पद संदेश तो आधी अडवून धरतो आणि मॉडच्या संमतीनेच पुढे सोडतो. मात्र तो भाषा तपासतो, वेळ आणि समोर कोण आहे हे नाही.

इमोट मुळात शब्द असल्याने TriHard हे नाव चॅनलच्या बंदी असलेल्या शब्दांच्या यादीत घालता येतं, आणि तसं करताही येतं. पण मग ज्याचा तो चेहरा आहे त्याचे चाहतेही तिथे अडतात, आणि टोमणे मारणारे दुसरं चित्र शोधतात. म्हणून मोठ्या स्पर्धांत मॉड यादीपेक्षा पडद्याकडे अधिक पाहतात. कॅमेरा कुणावर गेला, त्याच सेकंदाला कोणतं चित्र उसळलं, आणि कॅमेरा हलल्यावर ते थांबलं का? विजयाचा जल्लोष कॅमेरा हलला तरी चालूच राहतो. एखाद्या माणसावर रोखलेला पूर त्याच्याबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच जातो.