वेबसाइट काढण्याआधी तीन ओळी लिहा: कशासाठी, कोणासाठी आणि त्याने काय करायचे

मंडळाची वेबसाइट काढायची असे ठरले की पहिल्याच बैठकीत मेन्यू तयार होतो. मुखपृष्ठ, आमच्याविषयी, कार्यकारिणी, उपक्रम, फोटो, बातम्या, देणगी, संपर्क. मग वेबसाइट बनवणारा एखादा ओळखीचा मुलगा शोधला जातो आणि १४ एप्रिलला उद्घाटन होते. पुढच्या जयंतीपर्यंत तिच्यावर मागच्या जयंतीचेच फोटो असतात. यात त्या मुलाचा दोष नसतो. त्याला पाने कोणती हवीत ते सांगितले गेले, पण ती कशासाठी हवीत हे कोणी ठरवलेच नव्हते.

म्हणून आमचे सांगणे असे की मेन्यूच्या आधी कागदावर तीन ओळी लिहाव्यात. ही वेबसाइट कोणता बदल घडवण्यासाठी आहे? ती मुख्यतः कोण उघडणार आहे? आणि उघडल्यावर त्या माणसाने नेमके कोणते एक काम करायचे आहे? काम सोपे वाटते, पण बसून लिहायला घेतले की तासभर वाद होतो. तो वाद आधी झालेला बरा.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, बोईसरमधील एका वस्तीतल्या तरुण मंडळाला पहिली वेबसाइट काढायची आहे. बैठकीत उद्देश लिहिला जातो, "समाजात शैक्षणिक जागृती करणे". वाक्य चांगले आहे, कोणी विरोध करणार नाही. पण वर्षाने हा उद्देश साधला की नाही, हे कसे सांगणार? ज्या उद्देशाला "झाले" किंवा "नाही झाले" असे उत्तर देता येत नाही, त्यावरून वेबसाइटवर काय ठेवायचे आणि काय काढायचे हेही ठरत नाही. जागृतीच्या नावाखाली सगळेच बसते.

मग उद्देश शोधायचा कुठे? मंडळाकडे लोक आजच कोणती अडचण घेऊन येतात, तिथे. बोईसर-तारापूर भागात अशी एक अडचण वारंवार दिसते. तारापूर एमआयडीसीत कामासाठी विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून कुटुंबे आली. मुले इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. बारावीनंतर राखीव जागेवर इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला प्रवेश घ्यायचा म्हटले की जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी, नवबौद्धांसह, १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. त्या तारखेला कुटुंबाचे वास्तव्य जिथे होते, तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडून, म्हणजे सामान्यतः तिथल्या प्रांत कार्यालयातून, दाखला मिळतो. मूळ गाव वाशीम जिल्ह्यात असेल तर बोईसरला जन्मलेल्या मुलीलाही दाखल्यासाठी वाशीमकडेच पाहावे लागते. पालघरच्या कार्यालयात रांग लावून उपयोग होत नाही.

अनेक घरांना हे कळते तेव्हा बारावीचा निकाल लागलेला असतो. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातील जुनी नोंद काढायला गावी जावे लागते. कंत्राटी कामगाराला त्यासाठी तीन-चार खाडे पडतात, आणि तोपर्यंत प्रवेशाची मुदत संपत आलेली असते.

आता पहिली ओळ वेगळी लिहिता येते: "बाहेरच्या जिल्ह्यांतून बोईसरला आलेल्या कुटुंबांतील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे जातीचे कागद प्रवेशाच्या आधी पूर्ण व्हावेत." वर्षाने हे मोजता येते. किती मुलांनी विचारले, किती जणांचे कागद वेळेत झाले, किती जणांचे राहिले.

दुसरी ओळ, मुख्य भेट देणारा. इथे "सर्व समाजबांधव" असे लिहिण्याचा मोह होतो. पण मुंबईतला देणगीदार, शेजारच्या गावातील कार्यकर्ता आणि अकरावीतली मुलगी यांना एकाच पानावर वेगवेगळे हवे असते. देणगीदाराला हिशेब हवा, कार्यकर्त्याला कार्यक्रमाची तारीख हवी, मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर हवे. निवडताना आम्ही प्रत्येकाबद्दल दोन प्रश्न विचारायला सांगतो. वेबसाइट नसेल तर याचे काय अडेल? आणि हीच माहिती त्याला दुसरीकडून सहज मिळते का? देणगीदाराला फोन करता येतो. कार्यकर्त्याला व्हॉट्सअॅपवर निरोप मिळतोच. मुलीला मात्र आपली अडचण आहे हेच अजून माहीत नाही, आणि कोणाला विचारावे हेही माहीत नाही. म्हणून निवड तिची.

"विद्यार्थी" एवढेही पुरेसे नाही. दहावी झालेला शिष्यवृत्तीचा अर्जदार वेगळा आणि एमपीएससीची तयारी करणारा वेगळा. दुसरी ओळ अशी लिहा: "अकरावीत शास्त्र शाखेला शिकणारी मुलगी. वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार, मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात. घरात एक-दोन मोबाइल, संगणक नाही." एवढे लिहिल्यावर बरेच निर्णय आपोआप होतात. पान मोबाइलवर वाचता आले पाहिजे आणि कमी रेंजमध्ये उघडले पाहिजे, म्हणजे वर मोठ्या फोटोंची सरकती पट्टी नको. भाषा शासन निर्णयाची नको. आणि कागद शोधण्याचा, गावी जाण्याचा निर्णय वडील घेणार आहेत, म्हणून तिला ते पान वडिलांना दाखवता आले पाहिजे.

या ओळीने वेळही ठरते. वेबसाइट जून-जुलैच्या प्रवेशांसाठी नसून अकरावीच्या सुरुवातीसाठी आहे. तिचा प्रचार निकालाच्या दिवशी करून उपयोग नाही, तो कॉलेज सुरू होताना करायला हवा.

तिसरी ओळ, एकच मुख्य कृती. पहिली सूचना येते, "दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करा". पण अर्ज करण्याची सोय आपले सरकार पोर्टलवर आहेच, आणि या मुलीचे काम अर्जात अडलेले नाही, जुन्या पुराव्यात अडलेले आहे. शाळेच्या दाखल्यावर नुसते "बौद्ध" लिहिलेले असते, आजोबांच्या नोंदीत मूळ जात असते. दोन्ही जोडून दाखवणारा कागद हवा. कोणता कागद आहे आणि कोणता नाही, हे अनुभवी माणसाने समोर बसून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून कृती ठरते: "कागद तपासून घेण्यासाठी रविवारची वेळ घ्या."

कृती ठरवताना आपली ताकद मोजावी लागते. दोन कार्यकर्ते रविवारी दोन तास बसणार आणि एका कुटुंबाला वीस मिनिटे देणार असतील, तर प्रत्येकाची सहा म्हणजे दोघांची मिळून बारा कुटुंबे होतात. बटण दाबणारे चाळीस आले तर अठ्ठावीस जणांना आपण परत पाठवणार. म्हणून वेळा बारापुरत्याच ठेवा, त्या भरल्या की पुढचा रविवार दाखवा. जे काम निभावता येणार नाही ते बटण लावू नये.

वेळ घेताना माहितीही कमीत कमी मागावी. नाव, इयत्ता, मूळ तालुका आणि पालकांचा फोन नंबर पुरे. आधार कार्ड किंवा जातीच्या कागदांचे फोटो फॉर्मवर मागवू नका. यातली बहुतेक मुले अठरा वर्षांखालची असतात, आणि असे कागद कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर पडून राहिले तर पुढे ते कोणाच्या हाती जातील याची हमी आपण देऊ शकत नाही. कागद घेऊन या, दाखवा आणि परत न्या, एवढेच ठेवा.

तीन ओळी झाल्या की मोबाइलवर पान उघडताच पहिल्यांदा जे दिसते, ते जवळजवळ लिहूनच होते:

"तुम्ही बोईसरमध्ये शिकता, पण कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातून आले आहे का? बारावीनंतर राखीव जागेवर प्रवेशासाठी जातीचा दाखला मूळ जिल्ह्यातून काढावा लागतो. आतापासूनच तयारी करा."

खाली एक बटण: "रविवारची वेळ घ्या". त्याखाली येताना कोणते कागद आणायचे त्याची छोटी यादी, बसण्याचे ठिकाण आणि हे काम मोफत आहे ही ओळ. पहिली वेबसाइट एवढ्या एका पानाची असली तरी चालते.

मग कार्यकारिणी, जयंतीचे फोटो, देणगी यांचे काय? इथे मने दुखावतात, म्हणून स्पष्ट बोलावे. फोटो काढून टाकायचे नाहीत, ते "आमच्याविषयी" या पानावर ठेवायचे. अनोळखी पालकाला मंडळावर विश्वास बसण्यासाठी ते उपयोगीच आहेत. प्रश्न फक्त कोणती गोष्ट आधी दिसावी याचा आहे. जिल्हा प्रशासनाची palghar.gov.in ही वेबसाइट पाहा. तिथे सूचना, निविदा, भरती, विभाग, पर्यटन असे सगळे आहे, कारण जिल्ह्यातल्या प्रत्येकाला उत्तर देणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. दहा-बारा जणांच्या मंडळावर तशी सक्ती नाही. तिची नक्कल करून आपली वेबसाइट मोठी होत नाही, आपले मुख्य काम मात्र मेन्यूत हरवते.

पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी करा. पहिला मजकूर आणि बटण कागदावर मोबाइलच्या आकारात काढा. मंडळाबाहेरच्या पाच जणांना तो कागद थोडा वेळ दाखवून बाजूला घ्या. त्यात दोन-तीन तरी अकरावी-बारावीची मुले असू द्या. मग विचारा, "हे कोणासाठी आहे? इथे काय करायचे?" उत्तर "मंडळाची माहिती आहे" असे आले तर पहिली ओळ नीट उतरलेली नाही. "दाखला इथे मिळतो" असे आले तर त्याहून वाईट, कारण लोक चुकीची आशा धरून येतील. तेव्हा "दाखला प्रांत कार्यालय देते, आम्ही कागद तपासायला मदत करतो" हे वाक्य बटणाच्या जवळच घाला.

वेबसाइट सुरू झाल्यावर किती जणांनी पाहिली हा आकडा फसवा असतो. त्यात आपलेच सभासद जास्त असतात. तीन आकडे वहीत लिहा: किती जणांनी वेळ घेतली, किती जण प्रत्यक्ष आले, किती जणांचे कागद पूर्ण झाले. पाहणारे पुष्कळ आणि वेळ घेणारे थोडे असतील तर मजकूर चुकला आहे किंवा चुकीच्या माणसापर्यंत पोहोचला आहे. वेळ घेऊन लोक येत नसतील तर दिवस चुकला आहे. एमआयडीसीत शिफ्ट असते, रविवार सगळ्यांना मोकळा नसतो. लोक येऊनही कागद पूर्ण होत नसतील तर अडचण वेबसाइटची नाही. तेव्हा मूळ जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांशी संपर्क जोडावा लागेल.

तुमच्या वस्तीची गरज वेगळी असेल. पालघरमध्ये ती अभ्यासिकेतील जागेची असेल, आणखी कुठे कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची असेल. तेव्हा तिन्ही ओळी वेगळ्या होतील आणि त्यांवरून बनणारे पानही वेगळे होईल. पुढच्या बैठकीत मेन्यू लिहिण्याआधी या तीन ओळी फळ्यावर लिहा, आणि त्या पूर्ण होईपर्यंत डोमेन घेऊ नका.