'पाहिजेत'च्या पाटीवरचा आकडा
(लेखमाला : छोट्या कारखान्याची कागदपत्रं – लेखांक सहावा)

डिलाईल रोडवर गिरण्या चालू होत्या तेव्हा नोकरीची जाहिरात नावाची गोष्ट फारशी नव्हतीच. पाळी सुरू होण्याआधी बदली कामगार गेटवर येऊन उभे राहत आणि त्या दिवशी कोण गैरहजर आहे ते पाहून जॉबर माणसं आत घेई. काम कुठलं, पैसे किती, उद्या पुन्हा बोलावतील का, हे सगळं जॉबरच्या तोंडी. कामाला लावण्याबद्दल तो दस्तुरी घेई. रॉयल कमिशन ऑन लेबरने 1931 च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली आणि 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डं देण्याची व्यवस्था आणली. कार्ड हातात आल्यावर निदान गेटवर उभं राहण्याचा हक्क तरी कागदावर आला. भरती कागदावर आणण्याची ही धडपड ज्या रस्त्यावर झाली, त्याला पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांचं नाव मिळालं.

आज त्या रस्त्याच्या आसपासच्या गाळ्यांमध्ये छपाई, पॅकिंग, शिलाई अशी छोटी कामं चालतात, आणि भरतीची पाटी आता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोखालच्या चार ओळींत असते. नमुन्यादाखल एक घेऊ. कार्टन म्हणजे खोकी बनवणारा बावीस माणसांचा कारखाना आहे असं समजा. मालकाने लिहिलंय :

"अर्जंट पाहिजेत. पंचिंग ऑपरेटर, हेल्पर, लेडीज. 12 तास ड्युटी. पगार 12,000 ते 22,000. लोअर परळ. लवकर संपर्क करा."

यातला सर्वात मोठा घोटाळा पगाराच्या आकड्यात आहे, म्हणून आज बराचसा वेळ त्यालाच देतो.

बारा तासांची ड्युटी, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे 72 तास. कायद्याने आठवड्याचे साधे तास 48. वरचे 24 तास ओव्हरटाइमचे, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. म्हणजे हिशेबाला ते 24 तास 48 तासांएवढे धरायचे. 48 साधे आणि हे 48 मिळून 96 झाले. याचा अर्थ, पाटीवरच्या 22,000 पैकी निम्मेच, 11,000, हा आठ तासांचा खरा पगार आहे. किमान वेतनाच्या तक्त्याशी ताडून पाहायचा आकडा हा 11,000, तो 22,000 नव्हे. ही पाटी लिहिणाऱ्या मालकाला बहुतेक वेळा स्वतःलाच हे कळलेलं नसतं. त्याने आपल्या मते चांगला पगार लिहिलेला असतो. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची पाटी तशीच उचलून चिकटवणंही चुकीचं.

आता मालक आठ तासांचे 18,000 देतो असं धरू. हातात किती येतील? बावीस माणसं असल्यामुळे पीएफ लागतो, ईएसआयही लागते. पीएफ 15,000 वर बारा टक्के, म्हणजे 1,800. ईएसआय 18,000 वर पाऊण टक्का, म्हणजे 135. पुरुष असेल तर व्यवसाय कर 200. हातात उरले 15,865. महिला कामगाराला 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, तिच्या हातात 16,065. पहिल्या पगाराच्या दिवशी होणारी भांडणं मी पाहिली आहेत, आणि ती जवळजवळ सगळी या 2,135 रुपयांवरून होती. माणूस 18,000 ऐकून घरी सांगून आलेला असतो. म्हणून पाटीवर दोन्ही आकडे लिहा : एकूण किती आणि हातात साधारण किती. ओव्हरटाइम वेगळा लिहा. 18,000 ला 26 दिवस आणि 8 तासांनी भागलं की तासाचे साधारण 86 रुपये 50 पैसे होतात, त्याचे दुप्पट 173.

"12,000 ते 22,000" या पट्ट्याचंही तसंच. वाचणारा वरचा आकडा धरून येतो, मालक खालचा धरून बसलेला असतो. पट्टा द्यायचा तर तो कशावरून ठरतो हे सांगायला हवं. पंचिंगच्या कामात हे सोपं आहे. बसवलेल्या डायवर शीट देऊन मशीन चालवणारा एक, आणि डाय स्वतः बसवून, दाब जुळवून पहिली शीट बरोबर काढणारा दुसरा. दोघांच्या पगारात फरक असणारच, आणि उमेदवाराला स्वतःची जागा लगेच ओळखता येते. हेल्पर म्हणजे काय तेही लिहावं : पंच झालेल्या शीटमधलं वेस्टेज काढणं, गठ्ठे मोजणं. पेस्टिंगचे पैसे हजारावर देत असाल तर हजाराचा दर लिहा. "लेडीज" हा शब्द मात्र काढा. पेस्टिंग हे काम आहे, ते कोणीही करू शकतं, आणि भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला 1976 च्या समान वेतन कायद्यापासून बंदी आहे.

पत्त्यात "लोअर परळ" एवढंच लिहिल्याने माणूस भलतीकडे जातो. नकाशावर रस्ता ना. म. जोशी मार्ग आहे, टॅक्सीवाल्याच्या आणि रहिवाशांच्या तोंडी डिलाईल रोड. दोन्ही नावं लिहावीत. मध्य रेल्वेने येणाऱ्याला करी रोड, पश्चिम रेल्वेने येणाऱ्याला लोअर परळ. विरार किंवा बदलापूरहून येणारा माणूस पगाराइतकंच कामाच्या वेळेकडे पाहतो, कारण पाळी साडेआठला सुरू होते की साडेनऊला, यावर त्याची कुठली गाडी हे ठरतं.

मग तीच पाटी अशी होते :

"पाहिजे : पंचिंग मशीन ऑपरेटर, 1 जागा. कार्टनचं काम.
काम : डाय बसवणे, शीट पंच करणे.
पगार (8 तास) : डाय बसवता येत असेल तर 18,000, फक्त मशीन चालवता येत असेल तर 16,000. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर कापून हातात साधारण 15,865 किंवा 14,080. ओव्हरटाइम दुप्पट दराने, वेगळा.
वेळ : सकाळी 9.30 ते 6, जेवणाची सुट्टी अर्धा तास. रविवारी सुट्टी.
पत्ता : गाळा क्रमांक, इमारतीचं नाव, ना. म. जोशी मार्ग (डिलाईल रोड). करी रोड आणि लोअर परळ दोन्ही स्टेशनांवरून चालत.
भेट : सोमवार ते शुक्रवार, 11 ते 1. आधार कार्डाची झेरॉक्स आणावी. कोणाला भेटायचं, फोन क्रमांक.
मशीनवर ट्रायल घेतली जाईल, त्या दिवसाचे पैसे मिळतील.
नोकरीसाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. मूळ कागदपत्रं जमा करू नयेत.
शेवटची तारीख : ——"

सोळा हजारांच्या आकड्यात पीएफ 15,000 वरच धरला आहे, म्हणून 1,800, ईएसआय 120 आणि व्यवसाय कर 200 वजा जाता 13,880 येतात. वर छापलेलं 14,080 हे व्यवसाय कर नसलेल्या कामगाराचं आहे. हे मी मुद्दाम ठेवलं. पाटी लावण्याआधी आकडा दुसऱ्या माणसाकडून मोजून घेतला की अशी चूक सापडते. पाटीवर 13,880 लिहावं आणि महिला कामगाराला 200 जास्त मिळतील असं सांगावं.

शेवटच्या तारखेवाचून पाटी कधीच पाठवू नका. फॉरवर्ड झालेली पाटी जागा भरल्यावरही वर्षभर फिरत राहते, आणि कोणी तरी दीडशे रुपये प्रवासाचे खर्च करून बंद दाराशी येतो. जागा भरली की त्याच गटात "जागा भरली" असं लिहा, जुनी पाटी काढून टाका आणि फोन उचलणाऱ्यालाही सांगून ठेवा.