जूनचं रिटर्न वेळेत, मग दंड कशाचा?

जुलैची वीस तारीख. हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक गृहस्थ संध्याकाळी आमच्या ऑफिसात आले, ते मोबाईलवरचा फोटो पुढे करतच. "साहेब, जूनचं थ्रीबी आज भरतोय. म्हणजे वेळेत भरतोय ना? मग हा साडेसातशेचा दंड कुठून आला?" फोटोत लेट फीचे ३७५ रुपये केंद्राच्या रकान्यात होते, ३७५ राज्याच्या. त्याच्या शेजारी व्याज, १६६ आणि १६६.

दंड जूनचा नव्हताच, तो मेचा होता. मे महिन्याचं जीएसटीआर-३बी २० जूनपर्यंत भरायचं होतं. एका कंत्राटदाराचं पेमेंट अडकलं आणि यांनी ते ५ जुलैला भरलं. तेव्हा पोर्टलने काही कुरकुर केली नाही. पोर्टलची रीतच अशी आहे: उशिराचे दिवस ते मोजून ठेवतं आणि लेट फी व व्याज पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये आपोआप आणून बसवतं. त्यामुळे चूक एका महिन्यात होते आणि बिल दुसऱ्या महिन्यात येतं.

आता हे आकडे कसे आले ते पाहू. दोन वेगवेगळी मीटरं आहेत आणि ती एकमेकांकडे बघत नाहीत.

पहिलं मीटर लेट फीचं. ते फक्त दिवस मोजतं. कर किती होता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रोजचे ५० रुपये, पंचवीस केंद्राचे आणि पंचवीस राज्याचे. मुदतीचा दिवस धरायचा नाही, भरल्याचा दिवस धरायचा. २१ ते ३० जून दहा दिवस, १ ते ५ जुलै पाच, एकूण पंधरा. पंधरा गुणिले पन्नास, साडेसातशे.

या मीटरला कमाल मर्यादा आहे. मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर एका रिटर्नमागे २,००० रुपयांच्या वर लेट फी जात नाही, म्हणजे चाळिसाव्या दिवशी मीटर थांबतं. दीड ते पाच कोटीवाल्यांना ही मर्यादा ५,००० आणि त्यावरच्यांना १०,००० आहे. महिनाभरात विक्री, खरेदी काहीच नसेल, कर शून्य असेल, तर दर रोजचा २० रुपये आणि मर्यादा ५०० रुपये. "धंदाच नाही तर रिटर्न कशाला" म्हणणारे इथे फसतात. दुकान बंद केलं पण नोंदणी रद्द केली नाही, तर प्रत्येक महिन्याचे पाचशे वेगळे साचत जातात. शिवाय मागचं रिटर्न भरल्याशिवाय पोर्टल पुढचं भरू देत नाही.

दुसरं मीटर व्याजाचं, वर्षाला १८ टक्के. हे मात्र रुपये मोजतं, आणि खरा घोळ इथेच होतो. व्याज कशावर लावायचं? आमच्या गृहस्थांचा मे महिन्यातल्या विक्रीवरचा कर १,२०,००० रुपये होता. खरेदीवर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट होतं ७५,०००. म्हणजे खिशातून रोख द्यायचे होते ४५,०००. व्याज लागतं ते या पंचेचाळीस हजारांवर, एक लाख वीस हजारांवर नाही.

४५,००० × १८ ÷ १०० × १५ ÷ ३६५ असं मांडलं की ३३२ रुपये ८८ पैसे येतात. ते दोन रकान्यांत निम्मे निम्मे. पूर्ण करावर मांडलं असतं तर ८८८ रुपये झाले असते. जीएसटीच्या सुरुवातीच्या काळात यावरून खूप वाद झाले आणि पूर्ण करावर व्याज मागणाऱ्या नोटिसाही निघाल्या. शेवटी कायदा बदलला आणि बदल १ जुलै २०१७ पासूनच लागू धरला. अट एकच: त्या महिन्याच्या वसुलीची कारवाई विभागाने सुरू करण्याआधी रिटर्न भरलेलं हवं.

तोंडी हिशेबासाठी मी लोकांना एक ठोकताळा सांगतो: एक लाख रोख कराला रोजचं व्याज ४९ रुपये ३२ पैसे. म्हणजे जवळपास लेट फीइतकंच. रोख कर लाखाच्या आत असेल तर सुरुवातीला लेट फीच जास्त टोचते; लाखाच्या वर गेला की व्याज पुढे पळतं. आणि चाळीस दिवसांनी लेट फी थांबली तरी व्याज थांबत नाही, त्याला मर्यादाच नाही.

आता रोख करावरच व्याज, हा नियम प्रत्येक वेळी लागू होत नाही. त्याच महिन्याची विक्री त्याच महिन्याच्या, पण उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये दाखवली तरच ही सवलत. समजा, एप्रिलचं एक लाखाचं बिल, त्यावर १८,००० कर, एप्रिलच्या रिटर्नमध्ये दाखवायचं राहून गेलं. एप्रिलचं रिटर्न वेळेत गेलं होतं, म्हणून लेट फी नाही. हे बिल सापडलं आणि जूनच्या रिटर्नमध्ये २० जुलैला दाखवलं. मूळ मुदत २० मे होती, म्हणजे ६१ दिवस उशीर. आता व्याज पूर्ण १८,००० वर लागेल, तुम्ही तो कर क्रेडिटमधून वळता केला तरी. हिशेब होतो ५४१ रुपये. रिटर्नमध्ये कोणता कर कोणत्या महिन्याचा हे सांगायची सोय आहे; सगळा कर चालू महिन्याचा म्हणून भरलात तरी पुढे तपासणीत ते बिल तारखेसकट समोर येतं. असं व्याज स्वतःहून मांडून भरावं.

लेट फी आणि व्याज, दोन्ही रोखच भरायची. क्रेडिट कितीही पडून असलं तरी ते इथे चालत नाही.

राहता राहिला आमच्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न. "मी तर २८ जूनलाच चलन भरलं होतं, मग व्याज ५ जुलैपर्यंत का?" कारण चलन भरल्याने पैसे फक्त तुमच्या कॅश लेजरमध्ये जातात. ते सरकारचे होतात रिटर्न भरताना, लेजरमधून वळते झाले की. मुदत उलटल्यावर लेजरमध्ये टाकलेल्या पैशाने मीटर थांबत नाही.

मुदतीच्या आत टाकलेल्या पैशाचं मात्र वेगळं आहे. जुलै २०२४ मध्ये नियम ८८बीमध्ये दुरुस्ती झाली. मुदतीपर्यंत जमा केलेली आणि रिटर्न भरेपर्यंत लेजरमध्येच राहिलेली रक्कम व्याजातून वगळली जाते. पूर्ण कर भरल्याशिवाय थ्रीबी सादर होत नाही, म्हणून लोक सगळी रक्कम जमेपर्यंत थांबतात आणि हातात असलेले पैसेही भरत नाहीत. आमच्या गृहस्थांकडे २० जूनला तीस हजार होते. ते त्या दिवशी लेजरमध्ये टाकले असते तर व्याज उरलेल्या पंधरा हजारांवरच लागलं असतं, १११ रुपये. लेट फी तेवढीच राहिली असती.

म्हणून वीस तारखेला पैसे अपुरे असतील, तर आहेत तेवढ्यांचं चलन त्याच दिवशी भरा आणि रिटर्न सादर होईपर्यंत ती रक्कम दुसऱ्या कशासाठी वापरू नका. तिमाही रिटर्नवाल्यांसाठी महाराष्ट्रात आणि गोव्यात ही तारीख तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याची २२ आहे.