उभ्या गाडीतला जागा कॅमेरा

डॅशकॅम लावणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. काचेवर चिकटवायचा, चार्जिंगच्या सॉकेटमध्ये पिन खुपसायची, झालं. चावी काढली की बहुतेक गाड्यांत सॉकेटचा करंट बंद होतो आणि कॅमेराही डोळे मिटतो. पण अनेकांना कॅमेरा हवा असतो तो नेमका त्यानंतर. सोसायटीच्या गेटबाहेर रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी बंपरला लांबलचक ओरखडा, आणि वॉचमनने काहीच पाहिलेलं नाही, ही तक्रार जिथे पार्किंगची मारामार आहे तिथे सगळीकडे ऐकू येते. त्यावरचा उपाय म्हणजे पार्किंग मोड. त्यासाठी कॅमेऱ्याला फ्यूज बॉक्समधून कायमची वीज द्यावी लागते. दुकानदार त्याला हार्डवायरिंग म्हणतात, आणि तिथूनच बॅटरी उतरण्याची भीतीही सुरू होते.

भीती खोटी नाही, पण ती मोजता येते. एका ओळखीच्या काकांचं उदाहरण घेतो. त्यांची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. याचा साधा अर्थ असा की नव्या बॅटरीतून ताशी एक अँपिअर काढला, तर ती ढोबळमानाने ३५ तास पुरेल. काकांनी पुढचा आणि मागचा असे दोन कॅमेरे लावले. पार्किंगमध्ये ते कमी फ्रेम घेत अखंड रेकॉर्डिंग करतात आणि साधारण ०.२७ अँपिअर खातात. गाडी लॉक असतानाही अलार्म, घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर असं काहीबाही थोडा करंट घेतच असतं. तो ०.०३ धरू. एकूण ०.३ अँपिअर.

रात्री आठ ते सकाळी आठ या बारा तासांत ३.६ अँपिअर-तास गेले, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा. सेल्फ एका झटक्यात लागतो. पण काका शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावतात आणि थेट सोमवारी सकाळी काढतात. हे साठ तास होतात, म्हणजे १८ अँपिअर-तास. निम्मी बॅटरी गेली. तीच बॅटरी तीन-चार वर्षांची असेल आणि उन्हाळे सोसून तिची खरी ताकद २४ वर आली असेल, तर पाऊण बॅटरी गेली. मग सोमवारी सेल्फ नुसता कटकट करणार आणि काका शेजाऱ्याकडे जंपर केबल मागत फिरणार.

हे टाळण्यासाठी हार्डवायर किटच्या छोट्या डबीत कट-ऑफ असतो. बॅटरीचा व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेला की डबी कॅमेऱ्याचा करंट तोडते. अडचण आहे ती आकड्याची. साधी लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास निवांत असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते, १२.० ला पाव उरलेली, आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी. म्हणजे सगळा खेळ एका व्होल्टच्या आत आहे. आणि तरीही कित्येक किट ११.६ किंवा ११.८ वर बेतलेले येतात. त्यामुळे रेकॉर्डिंगचे तास जास्त भरतात खरे, पण डबी करंट तोडते तेव्हा वाचवण्याजोगं फारसं काही उरलेलं नसतं. शिवाय ही बॅटरी वारंवार खोलवर उतरवली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरतच नाही.

म्हणून किट घेताना आधी विचारायचं की कट-ऑफ बदलता येतो का. काही किटवर बारीक स्विच असतो, काही कॅमेऱ्यांत तो मेन्यूतून ठरवता येतो. गाडी रोज बऱ्यापैकी धावत असेल तर १२.२ चालेल. बॅटरी जुनी असेल, किंवा गाडी काकांसारखी दोन-तीन दिवसांनी निघत असेल, तर १२.४. टायमरची सोय असेल तर तोही लावून टाकावा. खरं सांगायचं तर माझा भरवसा टायमरवर जास्त आहे. व्होल्टेज हवामानाने, वायरच्या जोडाने वरखाली होतो, बारा तास मात्र बारा तासच राहतात.

आता वायरिंग. किटला तीन वायर असतात. एक कायम करंटची, एक चावीवर येणाऱ्या करंटची आणि तिसरी अर्थिंगची. रंगांवर विसंबू नये, लेबल पाहावं. कॅमेरा दुसऱ्या वायरवरून ओळखतो की गाडी चालू आहे की उभी. तिथला करंट गेला की तो पार्किंग मोडमध्ये जातो आणि पहिल्या वायरवर जगतो. घाईत दोन्ही वायर कायम करंटवर जोडल्या तर कॅमेऱ्याच्या लेखी गाडी कधी थांबतच नाही. तो रात्रभर पूर्ण ताकदीने रेकॉर्डिंग करत राहतो. गाडी लॉक केल्यावर स्क्रीनवर पार्किंगची खूण किंवा दिवा बदलला नाही, तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

मूळ वायर कापून जोड मारू देऊ नका. वॉरंटीचा प्रश्न येतो, आणि तसे जोड पुढे सैलही पडतात. फ्यूज टॅप नावाचा छोटा सांधा मिळतो. फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज काढायचा, त्या जागी टॅप बसवायचा. मूळ फ्यूज टॅपच्या खालच्या खाचेत आणि कॅमेऱ्यासाठी दोन-तीन अँपिअरचा नवा फ्यूज वरच्या खाचेत. फ्यूजचे आकार तीन-चार प्रकारचे असतात, म्हणून आधी गाडीतला फ्यूज काढून पाहावा आणि त्याच मापाचा टॅप आणावा. जबरदस्तीने बसवलेला टॅप खाच फाकवतो, मग मूळ फ्यूजही नीट टेकत नाही.

टॅप उलटा-सुलटा बसवण्याने फरक पडतो. फ्यूज काढल्यावर दिसणाऱ्या दोन खाचांपैकी एकीत बॅटरीकडून करंट येतो, दुसरीतून तो पुढे जातो. मल्टिमीटरची काळी पिन बॉडीच्या धातूला टेकवून लाल पिन दोन्ही खाचांत लावली की १२ व्होल्ट कुठे आहे ते कळतं. टॅपचा ज्या बाजूने वायर निघते त्याच्या समोरचा पाय बहुधा या जिवंत खाचेत यायला हवा. तसं झालं की दोन्ही फ्यूज आपापला भार वेगळा वाहतात. उलट बसला तर कॅमेऱ्याचा भारही मूळ फ्यूजमधून जातो.

कोणता फ्यूज निवडायचा? एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल यांना हात लावायचा नाही, हा नियम मी तरी कुणासाठी मोडणार नाही. चावीच्या करंटसाठी चार्जिंग सॉकेट किंवा वायपर बरा. कायम करंटसाठी हॅझर्ड दिवे किंवा सेंट्रल लॉक. छताच्या दिव्याचा फ्यूज मोहात पाडतो, पण बऱ्याच नव्या गाड्या लॉक केल्यावर काही मिनिटांनी ती लाइन स्वतःहून बंद करतात. टेस्टरने लगेच तपासलं तर करंट दिसतो आणि अर्ध्या तासाने कॅमेरा मेलेला असतो. म्हणून बोनेटच्या किंवा दाराच्या लॅचला स्क्रूड्रायव्हरने बंद झाल्यासारखं अडकवून गाडी लॉक करायची, चहा घेऊन यायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचं.

अर्थिंगची वायर बॉडीला थेट कसलेल्या, रंग नसलेल्या बोल्टखाली घ्यावी. प्लास्टिकमध्ये फिरवलेला स्क्रू दिसायला धातूचा असला तरी त्याचा उपयोग नाही. इथे जोड ढिला राहिला की डबीला व्होल्टेज खऱ्याहून कमी दिसतो आणि बॅटरी १२.६ वर असतानाही कट-ऑफ तासाभरात पडतो. लोक मग बॅटरी बदलतात. काही गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर बसवलेला असतो. अशा गाडीत वायर सरळ त्या टोकावर जोडली तर कॅमेऱ्याने खाल्लेला करंट सेन्सरच्या हिशेबात येतच नाही. त्यामुळे अर्थिंग बॉडीलाच.

वर जाणारी वायर काचेच्या बाजूच्या खांबातून नेतात. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग त्या खांबात असेल तर वायर तिच्या मागून, मूळ हार्नेसला बांधून न्यावी. पुढून आडवी गेली तर एअरबॅग उघडताना ती आडवी येते. हे काम येत नसेल तर पैसे देऊन करून घ्यावं, फक्त शेजारी उभं राहून पाहावं.

सगळं नीट बसलं तरी भरपाईचा प्रश्न उरतो. रात्री गेलेले ३.६ अँपिअर-तास परत भरायला थोड्या वाया जाणाऱ्या विजेसह चार तरी लागतात. अल्टरनेटरवर मोठा आकडा लिहिलेला असला तरी भरत आलेली बॅटरी तेवढा करंट घेत नाही. तासाभराच्या प्रवासात बहुधा हिशेब चुकता होतो. मंडईपर्यंत दहा मिनिटं, तीही एसी आणि दिवे लावून, यात होत नाही. रोज थोडी तूट साचत जाते.

ती कॅमेऱ्याच्या कार्डावरच दिसते. काकांनी पहिल्या आठवड्यात शेवटची क्लिप पाहिली ती पहाटे पाचची होती. पुढच्या आठवड्यात तीनची, मग एकची. किट बिघडलं असं त्यांना वाटलं. खरं तर ते आपलं काम चोख करत होतं. बॅटरीच दर वेळी आधीच्याहून कमी भरलेली सुरुवात करत होती. सकाळी दार उघडण्याआधी बोनेट उघडून मल्टिमीटर लावला तेव्हा १२.३ आलं, आणि सेल्फ मारताना ते ९ च्या खाली घसरलं. ९.६ च्या खाली जाणारी बॅटरी थकलेली समजावी. नवी बसवली, कट-ऑफ १२.४ केला, टायमर आठ तासांवर आणला आणि अखंड रेकॉर्डिंगऐवजी धक्का बसला तरच उठणारा मोड निवडला. त्या मोडमध्ये कॅमेरा झोपेत अगदी थोडा करंट घेतो. तोटा असा की धक्क्याआधीचं काही टिपलं जात नाही, आणि हळूच घासून जाणारी स्कूटर त्याला जाणवतही नाही. काकांनी तो स्वीकारला.

नव्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाहीत. अशा गाडीत १२.४ चा कट-ऑफ फार लवकर पडतो, तिथे १२.२ वर राहून टायमर छोटा ठेवणं बरं. अखंड रेकॉर्डिंग हवंच असेल तर कॅमेऱ्यासाठी वेगळी लिथियम-फॉस्फेट बॅटरी मिळते. ती गाडी धावताना भरते आणि मूळ बॅटरीला उभ्या गाडीत हात लावत नाही, पण किंमत कॅमेऱ्याच्याही वर जाऊ शकते.

आणि गावी किंवा परदेशी जाताना टॅपच्या वरच्या खाचेतला कॅमेऱ्याचा फ्यूज काढून ठेवावा. तीन आठवड्यांत गाडीचा स्वतःचा ०.०३ अँपिअरच १५ अँपिअर-तास खाऊन टाकतो. इतके दिवस गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टोकही सोडून ठेवलेलं बरं.