गुण, शेरे आणि दुरुस्तीचा आराखडा

प्रबंधाचा मसुदा परीक्षकांकडून परत येतो तेव्हा त्याच्यासोबत दोन गोष्टी येतात: एक आकडा आणि काही शेरे. विद्यार्थी आकडा पाहून खिन्न होतो, आणि मग पहिल्या पानापासून शेरे वाचीत, दिसेल ती चूक सुधारीत सुटतो. या क्रमाने श्रम पुष्कळ होतात, परंतु गुण मात्र फारसे वाढत नाहीत. असे का होते, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, एम्. ए.च्या एका विद्यार्थिनीने शहरातील भाजी विकणाऱ्या स्त्रियांच्या उत्पन्नावर प्रबंध लिहिला. तिला शंभरांपैकी 58 गुण मिळाले आणि एकवीस दिवसांत सुधारलेला मसुदा द्यावयाचा आहे. गुणांची फोड अशी: पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा, 20 पैकी 14, संशोधनपद्धती, 25 पैकी 11, विश्लेषण व निष्कर्ष, 25 पैकी 12, मांडणी व भाषा, 20 पैकी 15, संदर्भसूची, 10 पैकी 6.

आता मिळालेले गुण बाजूस ठेवून गमावलेले गुण मांडावे. ते अनुक्रमे 6, 14, 13, 5 आणि 4 होतात. म्हणजे गेलेल्या 42 गुणांपैकी 27 केवळ दोन सदरांत गेले. उलट, शेरे मोजले तर भाषेवर अकरा आहेत आणि पद्धतीवर अवघा एक! शुद्धलेखनाची चूक दिसताक्षणीच खूण करता येते. मूळ रचनेतील दोषाला मात्र एकच वाक्य पुरते. म्हणून शेऱ्यांच्या संख्येवरून कामाचे वजन ठरवू नये. ते गुणांवरून ठरवावे, आणि काम कोणते ते शेऱ्यांवरून.

पद्धतीवरील शेरा असा आहे: “साठ स्त्रियांची निवड कशी केली ते कळत नाही.” विश्लेषणावर दोन आहेत: “निष्कर्ष फार व्यापक आहेत” आणि “सरासरीने खरे चित्र झाकले जाते.” पहिले दोन शेरे निरनिराळ्या सदरांत असले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. साठही स्त्रिया एकाच मंडईतील, सकाळच्या वेळी भेटलेल्या. आणि निष्कर्ष मात्र साऱ्या शहराविषयी! यावर उपाय दोन. इतर मंडयांत जाऊन नवी माहिती मिळवावी, किंवा विधान माहितीच्या मापाचे करावे. एकवीस दिवसांत पहिला उपाय साधणार नाही. म्हणून शीर्षक, उद्देश आणि निष्कर्ष एका मंडईपुरते मर्यादित करावे व निवड कशी झाली ते स्पष्ट सांगावे. तिसऱ्या शेऱ्यास नव्या माहितीची गरज नाही. ज्यांना स्वतःचा ओटा आहे अशा 22 आणि रस्त्याकडेला बसणाऱ्या 38, असे दोन गट पाडून तेच कोष्टक पुन्हा मांडले की पुरे.

आराखड्यातील प्रत्येक ओळ अशी असावी की, ते काम झाले की नाही हे तिऱ्हाइताला पान उघडून सांगता यावे. “पद्धती सुधारणे” हा आराखडा नव्हे. “निवडीची जागा, वेळ आणि रीत सांगणारा परिच्छेद पान 23 वर घालणे” हा आराखडा होय. “अधिक खोलात जावे” अशा मोघम शेऱ्यावरून अशी ओळ तयार होत नाही. तेव्हा मार्गदर्शकांकडे जाऊन, “गटवार तुलना केली तर हा शेरा पुरा होतो काय?” असा नेमका प्रश्न विचारावा. दोन परीक्षकांचे शेरे परस्परविरोधी असतील, तर तो निर्णयही त्यांच्याकडूनच घ्यावा.

क्रमालाही महत्त्व आहे. पद्धतीला तीन दिवस, कोष्टके व विश्लेषण यांना आठ, निष्कर्ष, प्रस्तावना आणि शीर्षक यांना चार. मग आढाव्यातील उणिवा व संदर्भसूची यांना दोन, आणि भाषेला अखेरचे दोन. उरलेले दोन दिवस मार्गदर्शकांच्या शंकांसाठी राखावे. भाषा शेवटी घेण्याचे कारण उघड आहे: जो परिच्छेद उद्या वगळावयाचा, त्यातील ऱ्हस्व-दीर्घ आज तपासून काय उपयोग?

सुधारलेल्या मसुद्यासोबत एक तक्ता जोडावा. डावीकडे शेरा, मध्ये केलेला बदल, उजवीकडे पृष्ठांक. एखादा शेरा मान्य नसेल, तर तो गाळू नये. मध्यल्या रकान्यात कारण नम्रपणे लिहावे. एवढे करूनही गमावलेले सर्व 27 गुण परत मिळतीलच असे नाही, कारण एका मंडईचा अभ्यास हा शेवटी एका मंडईचाच राहतो. परंतु आपली मर्यादा कोठे आहे हे आता प्रबंधच सांगतो. ती परीक्षकाला शोधून काढावी लागत नाही.