आधी वीतभर, मग हातभर

टॅब्लेटवर सराईतपणे बोटं फिरवणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्यांदा गोटी दिली, की ते बहुधा ती चेंडूसारखी घरंगळत सोडतं. गोटी मारायची असते, हे त्याने कुठे पाहिलेलंच नसतं. पूर्वी वाड्यातली, चाळीतली लहान मुलं थोरल्यांचा डाव बघत बसायची आणि बघूनच शिकायची. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने मुलांचे रस्त्यावरचे खेळ गोळा करून १९६९ साली ग्रंथ काढला. हे खेळ मोठ्यांनी शिकवलेले नसतात, एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात, असंच त्यांनाही दिसलं होतं. ही साखळी तुटली, की शिकवणाऱ्याला एकेक हालचाल सुटी करून दाखवावी लागते.

उजव्या हाताच्या मुलाने डाव्या हाताचा अंगठा जमिनीवर टेकवायचा. त्याच हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाशी गोटी धरायची, उजव्या हाताने ते बोट मागे ताणायचं आणि सोडून द्यायचं. नवशिक्याचा अंगठा हमखास उचलला जातो. गोटी सरळ न जाता उडाली, तर चूक तिथेच आहे असं समजावं. नजरही समोरच्या गोटीवर हवी. मुलं आपल्याच बोटाकडे बघत राहतात. म्हणून पहिला नेम वीतभर अंतरावरून घ्यायचा. तो बसू लागला, की हातभर मागे सरकायचं.

खरी अडचण जमिनीची असते. सोसायटीच्या फरशीत गल खणता येत नाही आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत गोटी वळते. बागेच्या कडेला मातीचा तुकडा मिळाला तर उत्तम. नाहीतर पातळ सतरंजी ताणून अंथरावी आणि तिच्यावर खडूने दोन फुटांचं रिंगण आखावं. मधोमध पाच गोट्या मांडायच्या. रिंगणाबाहेरून मारून जी गोटी बाहेर काढली, ती मारणाऱ्याची.

मात्र जिंकलेली गोटी घरी न्यायची की डाव संपल्यावर परत द्यायची, हे आधीच ठरवून घ्यावं. रडारड बहुतेक इथेच होते. अगदी लहान भावंडं आसपास असतील तर डाव संपताच गोट्या मोजून ठेवाव्यात, ती तोंडात घालतात.

ठिकरीला फरशी चालते, पण ठिकरी गोल असून उपयोग नाही, ती घरातून घरंगळत बाहेर जाते. फुटक्या कौलाचा चपटा तुकडा घ्यावा आणि त्याच्या धारदार कडा घासून बोथट कराव्यात. गुळगुळीत फरशीवर तोही घसरतो, तेव्हा जुन्या रबरी चपलेचा तुकडा बरा. पाय रेषेवर पडला की नाही, यावर भांडण जुंपलं तर शिकवणाऱ्याने निवाडा देऊ नये. मुलं आपसात वाद घालून निकाल लावतात, आणि पुढच्या डावाला बऱ्याचदा स्वतःचा एखादा नियमही जोडतात.