सेहेचाळीस आठवडे आणि रविवारची दुपार

लातुरात जून महिना निकालाचा, आणि त्याच महिन्यात रिपीटरच्या नव्या बॅचही उभ्या राहतात. २०२४ च्या ‘नीट’चा निकाल ४ जूनला लागला. त्या वर्षी गुणांचा असा पूर आला होता की सहाशेच्या पुढचे गुण मिळूनही अनेकांना सरकारी महाविद्यालयाची खात्री वाटत नव्हती. पुन्हा एक वर्ष द्यायचं ठरवून जी मुलं आली, त्यांच्यातल्या एका गटाला मी भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि त्यांच्या वर्षाचं वेळापत्रकही माझ्याकडे होतं. १७ जून २०२४ चा सोमवार ते ४ मे २०२५ चा परीक्षेचा रविवार, असे नेमके ४६ आठवडे हाती होते. ते कसे वापरले आणि त्यातून काय कळलं, हे नोंदवून ठेवावंसं वाटतं.

पहिल्याच सभेत पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘सर, वर्षभरात किती टेस्ट होणार?’’ आम्ही आखणीला सुरुवात केली ती दुसऱ्या आकड्यापासून. तीन तास वीस मिनिटांची पूर्ण मॉक दिल्यावर ती नीट तपासायला किती वेळ लागतो? उत्तरतालिका लावून गुण मोजणं अर्ध्या तासाचं काम आहे. पण प्रत्येक चुकलेला, सोडलेला आणि अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न पुन्हा सोडवायचा, त्याचं एनसीईआरटीतलं पान काढून वाचायचं आणि चुकीचं कारण लिहायचं, तर पाच ते सहा तास जातात. म्हणजे एक मॉक नऊ तास खाते, अभ्यासाचा जवळजवळ अख्खा दिवस. नवे धडे चालू असताना आठवड्याला दोन मॉक घेतल्या, तर दोन दिवस त्यांतच जातात. मग मुलं तपासणीलाच कात्री लावतात, कारण ती कोणाला दिसत नाही. गुण मात्र भिंतीवर लागतात.

म्हणून मॉकचा वेग महिन्यांनुसार बदलत नेला. जून ते दिवाळी, अकरावीचा अभ्यासक्रम चालू असताना, दर रविवारी फक्त झालेल्या धड्यांची छोटी चाचणी आणि दर चौथ्या रविवारी तोवर शिकवलेल्या सगळ्याची एकत्र मॉक. नोव्हेंबर ते जानेवारी, बारावीचे धडे चालू असताना, पंधरवड्याला एक पूर्ण मॉक. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्याला एक. आणि नवा धडा एकही उरला नाही तेव्हा, म्हणजे एप्रिलमध्ये, बुधवार आणि रविवार अशा दोन. वेळ मात्र पहिल्या रविवारपासून एकच: दुपारी दोन. परीक्षा दोन वाजता सुरू होते. जेवण झाल्यावर डोळे जड होण्याची ती वेळ, शिवाय एप्रिल-मेमध्ये लातूरचं ऊन आणि फक्त पंख्याचा वारा. सकाळी नऊला दिलेल्या मॉकचे गुण दुपारी दोनला उपयोगी पडत नाहीत.

दोन मॉकच्या मधल्या दिवसांचं काम चुकांच्या वहीवर चालायचं. प्रत्येक चुकीपुढे कारणाचं एकच अक्षर. ‘न’ म्हणजे माहीतच नव्हतं, ‘वि’ म्हणजे माहीत होतं पण विसरलं, ‘वा’ म्हणजे प्रश्न वाचण्यात किंवा आकडेमोडीत घसरलं. तो प्रश्न तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचा. पर्याय आठवून नव्हे, कारण लिहून. एकदा जरी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून फेरी. ‘न’ची चूक आधी धड्याकडे परत जाते, नुसती फेरीत टाकून ती सुटत नाही. ‘वि’ची चूक फेऱ्यांनीच जाते. ‘वा’च्या चुकीला धडा वाचून काही होत नाही. तिथे ‘अयोग्य विधान ओळखा’मधल्या ‘अयोग्य’खाली रेघ मारण्याची, एकक लिहूनच उत्तराकडे जाण्याची सवय लावावी लागते.

या वहीचा दुसरा उपयोग ऑक्टोबरपर्यंत आमच्या नीट लक्षात आला. रोजच्या फेरीत किती प्रश्न येतात, यावरून मॉकचा वेग बरोबर आहे का ते कळतं. एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटं धरली, तर तीस प्रश्न म्हणजे एक तास. रोजची फेरी तीसच्या वर जाऊन तिथेच राहिली, तर जुन्या चुका मिटण्याआधी नव्या येऊन पडताहेत. अशा वेळी पुढची मॉक एक आठवडा पुढे ढकलायची, हा नियम त्या महिन्यात पक्का झाला.

विश्रांतीचे आठवडे मॉकच्या आधी कॅलेंडरवर मांडले होते. सण बघूनच मांडले, कारण सणाच्या दिवशी घराची ओढ असलेलं मूल पुस्तक उघडून बसतं, पण त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. सप्टेंबरात महालक्ष्म्या, १ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे दिवाळी, ३० डिसेंबरला वेळ अमावस्या. येळवशीला आमच्या भागात शहरातला माणूसही शेतावर जातो, आंबील आणि भज्जी खातो. आमची मुलंही गेली. नंतरचे दोन आठवडे फेब्रुवारीच्या शेवटी आणि गुढीपाडव्याला. आठवडा विश्रांतीचा म्हणजे पहिले तीन दिवस पुस्तक बंद, उरलेल्या दिवसांत फक्त वहीची फेरी, आणि मॉक अजिबात नाही. फेरी बंद ठेवली नाही, कारण सबंध आठवडा खाडा पडला तर तिसाव्या दिवसाचे प्रश्न साचून परतल्यावर डोंगर होतो.

जानेवारीच्या अखेरीस परीक्षेचा साचाच बदलला. तोवर दोनशे प्रश्नांपैकी एकशे ऐंशी सोडवायचे आणि वेळ दोनशे मिनिटं, असं होतं. एनटीएने पर्यायी प्रश्न काढून टाकले: १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, १८० मिनिटं. वीस मिनिटं गेली आणि अवघड प्रश्न टाळून दुसरा निवडण्याची सोयही गेली. आठवड्याला एक मॉक सुरू करण्याचा क्षण आणि हा बदल नेमके एकत्र आले.

त्या फेब्रुवारीतलं एका विद्यार्थिनीचं उदाहरण तपशिलात सांगतो. ती अहमदपूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली. जानेवारीच्या मॉकमध्ये तिला ५९२ गुण होते. नव्या साच्यातल्या पहिल्या मॉकमध्ये ५६१, दुसरीत ५४८. वडिलांचा फोन आला, ‘‘सर, पोरीला आठवड्याला दोन टेस्ट द्या, स्पीड वाढंल.’’ मी आणि तिने मिळून ५४८ चा पेपर उलगडला. जीवशास्त्रात नव्वदपैकी ८१ बरोबर, ८ चूक, १ सोडलेला. रसायनशास्त्रात ३३ बरोबर, ८ चूक, ४ सोडलेले. भौतिकशास्त्रात २९ बरोबर, ८ चूक, ८ सोडलेले. चुका चोवीस. त्यांत ‘न’ फक्त चार, ‘वि’ नऊ आणि ‘वा’ अकरा. जानेवारीच्या पेपरात ‘वा’च्या चुका चार होत्या.

बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक, म्हणजे येणाऱ्या प्रश्नात घसरलं की पाच गुणांचा फरक पडतो. अकरा चुकांचे पंचावन्न गुण झाले. ते मिळाले असते तर तीच मुलगी ६०३ वर असती. या अकरातल्या आठ चुका शेवटच्या तासातल्या होत्या. तिची फेरीही दोन आठवड्यांपासून रोज चाळीसच्या घरात होती, आणि दहाव्या दिवशी बरोबर आलेले प्रश्न तिसाव्या दिवशी पुन्हा चुकत होते. ज्ञान कमी पडत असतं तर ‘न’ वाढले असते. इथे थकवा होता. या स्थितीत आणखी मॉक म्हणजे त्याच चुकांचा सराव.

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी ठरलेला विश्रांतीचा आठवडा तिच्यासाठी अलीकडे आणला आणि पुढच्या रविवारी मॉक रद्द केली. ती चार दिवस गावी गेली. परतल्यावर तीन दिवस फक्त फेरी. त्यासोबत वेळेची नवी वाटणी बसवली: जीवशास्त्राला ४५ मिनिटं, रसायनशास्त्राला ५०, भौतिकशास्त्राला ७० आणि शेवटची १५ मिनिटं राखीव. ओएमआरचे गोल शेवटी एकदम न भरता पानागणिक भरायचे. त्यानंतरच्या मॉकमध्ये ५८६ आले आणि ‘वा’च्या चुका पाचावर उतरल्या. मला महत्त्वाचा वाटला तो हा दुसरा आकडा. कारण पेपर कोणी काढला यावरही गुण हलतात. कठीण पेपरात वीस-तीस गुण सहज कमी होतात आणि सोप्या पेपरात तितकेच चढतात. एका मॉकच्या गुणांवरून काही ठरवू नये. तीन मॉकची सरासरी पाहावी आणि तिच्या शेजारी चुकांच्या प्रकारांची संख्या ठेवावी.

एप्रिलमध्ये आठवड्याला दोन मॉक झेपल्या, याचं कारण नवं शिकणं संपलं होतं आणि बहुतेकांची फेरी वीसच्या खाली आली होती. ज्यांची आली नव्हती, अशा काहींना आम्ही एकीवरच ठेवलं. त्यांचे पालक नाराज झाले, पण तो निर्णय आजही योग्य वाटतो. शेवटची पूर्ण मॉक परीक्षेच्या आधीच्या रविवारी, २७ एप्रिलला. त्यानंतर मॉक नाही, कारण तिच्यातून निघालेल्या चुकीला दहाव्या दिवसाची फेरीसुद्धा मिळणार नव्हती. उरलेले दिवस वही आणि वेळेवर झोप.

४ मेच्या पेपरात भौतिकशास्त्र इतकं लांबलचक आणि अवघड निघालं की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाही ७२० पैकी ६८६ गुण मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी पैकीच्या पैकी गुण घेणारे अनेक होते. आमच्या मुलांचे गुणही मॉकच्या सरासरीखाली आले. त्या विद्यार्थिनीचे गुणही कमी झाले, पण देशातला क्रमांक आदल्या वर्षापेक्षा बराच वर गेला आणि तिला एमबीबीएसला प्रवेश मिळाला. ती सांगते, की भौतिकशास्त्राचे अडलेले प्रश्न तिने न झगडता सोडून दिले आणि राखीव पंधरा मिनिटांत त्यांतल्या काहींकडे परत गेली. सगळ्यांचं असं झालं नाही. ज्यांच्या वहीत मार्चअखेरही ‘न’चीच अक्षरं जास्त होती, त्यांना कोणत्याही वेळापत्रकाने तारलं नाही. मॉक शिकलेलं पारखते आणि पक्कं करते, न शिकलेलं शिकवत नाही.

या जूनमध्ये जे नव्याने सुरुवात करणार आहेत, त्यांनी आखणी याच क्रमाने करावी. आधी कॅलेंडरवर विश्रांतीचे आठवडे लिहा. मग प्रत्येक मॉकनंतर तपासणीचा दिवस राखा. आणि उरलेल्या जागेत जितक्या मॉक बसतील, तितक्याच द्या.